लॅबचं पाणी

अमृत पाटलाच्या चष्म्याची डावी काच बाटलीच्या बुडासारखी जाड होती आणि उजवी नुसती जोडीला बसवलेली. उजव्या डोळ्याला दिसतच नव्हतं, मग तिथे नंबर घालून करायचं काय? लहानपणापासून वाढत वाढत दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे चौदावर गेला. चौतिसाव्या वर्षी एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरायला लागला. डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटलाय, ताबडतोब सुरतेला जा, असं नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात होता आणि लॅबमध्ये आपल्यावाचून पान हलत नाही अशी अमृतची समजूत. चार दिवस काढून तो गेला. ऑपरेशन झालं, डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

अमृत तापीकाठच्या एका लहानशा साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होता. दर तासाला उसाच्या रसाचा नमुना घ्यायचा, ब्रिक्स काढायचं, पोल काढायचं, म्हणजे रसात विरघळलेलं किती आणि त्यात साखर किती ते मोजायचं, आणि रजिस्टरात मांडायचं. माणूस कामाला चोख होता, आणि आपण चोख आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. वसाहतीत कुणी पाण्याचा फिल्टर घेतला की अमृतभाऊंना विचारल्याशिवाय चालू करत नसत. पाण्यातला क्षार, पाण्याचा पीएच, पाण्याचा कडकपणा यावर तो अर्धा तास बोलू शकायचा, आणि बोलायचाही.

त्याची एकुलती एक मुलगी रुचिका. आठव्या वर्षी तिला चष्मा लागला तेव्हा नंबर होता उणे पावणेदोन. दहावं लागलं तेव्हा सव्वातीन. बायको काजलने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून नवऱ्यासमोर सरकवल्या. अमृतने डाव्या डोळ्याने त्या वाचल्या आणि हिशेब त्याला आपोआप सुटला. याच चालीने पोरगी विशीत आपल्या जागी येऊन बसणार. त्या दिवसापासून पोरीचा डोळा आपल्या डोळ्याच्या वाटेने जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच त्याला जगात हवं होतं. ते मात्र अगदी खरं होतं, त्यात दिखावा नव्हता.

नंदुरबारात प्रेमचंद सरांचा डोळे तपासण्याचा दवाखाना होता. ते ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर आणि लेन्सच्या शास्त्रातले माणूस. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेचा, नकाशा काढणारं यंत्र त्यांनी आणलं होतं. रात्री घालून झोपायच्या आणि सकाळी काढून ठेवायच्या ऑर्थो-के लेन्स ते देतात, हे अमृतने कुठून तरी ऐकलं. जून महिन्यात तिघं त्यांच्याकडे गेले.

बाकावर त्यांच्या आधी नवापूरकडची एक बाई बसली होती, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. ती प्रिस्किला, चिंचपाड्याजवळच्या एका गावची, पेशाने नर्स. तिच्या पोराचा नंबर रुचिकापेक्षा कमी, पण ते सारखं मनगटाने डोळे चोळत होतं. सरांनी त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि बाहेर येऊन आईला स्पष्टच सांगितलं, की याला ॲलर्जी आहे, उन्हाळा आला की डोळे खाजणार, हा चोळणार. अशा डोळ्यात रात्रभर लेन्स ठेवणं बरोबर नाही. आधी ॲलर्जी आटोक्यात आणू, तोवर चष्मा, आणि नंबर हळू वाढावा म्हणून झोपताना एक थेंब देऊ. बाईने ऐकून घेतलं, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. अमृतला मनातून बरं वाटलं. हे असं वाटणं चांगलं नव्हे, पण परीक्षेत शेजारचा नापास झाला की वाटतं तसं ते होतं.

रुचिका पास झाली. वय बरोबर, नंबर चारच्या आत, सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, अगदी नगण्य, डोळ्यात ओल पुरेशी, पापण्या स्वच्छ, नकाशावर कॉर्निया गुळगुळीत आणि दोन्हीकडे सारखा. सरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, कारण समोर केमिस्ट बसलाय म्हटल्यावर त्यांनाही हुरूप आला. ही लेन्स कडक असते, तिच्यातून हवा जाते. मध्ये ती चपटी, कडेला वळलेली. ती डोळा थेट दाबत नाही. तिच्याखाली अश्रूंचा थर असतो, मध्ये अगदी पातळ, भोवती जाड. त्या फरकाने रात्रभरात कॉर्नियाच्या सर्वात वरच्या पेशींचा थर मध्ये पातळ होतो आणि भोवतीच्या कड्यात जाड होतो. भाकरी थापताना मध्ये पातळ पडून पीठ कडेला सरकतं ना, तसं. फरक केवढा, तर केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकाही नाही. पण तेवढ्याने सव्वातीन नंबर दिवसभरापुरता पुसला जातो.

"कायमचा?" काजलने विचारलं.

कायमचा नाही, सर म्हणाले. लेन्स बंद केली की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत कॉर्निया मूळ आकारावर येतो आणि नंबरही. खरा फायदा वेगळा. कडेच्या त्या जाड कड्यामुळे डोळ्याच्या आत बाजूने येणारा प्रकाश पडद्याच्या थोडा अलीकडे पडतो आणि डोळा लांब होण्याची घाई कमी करतो. सरासरी निम्म्याने. कुणाला जास्त, कुणाला कमी, आणि हमी कुणालाच नाही. अमृतच्या कानात 'निम्म्याने' एवढंच राहिलं. सातच्या जागी साडेतीन, चौदाच्या जागी सात. सातवर पडदा सुटण्याची धास्ती किती तरी कमी.

मग सरांनी पेन खाली ठेवलं.

"डोळा लायक आहे. आता घर लायक आहे का ते तुम्ही मला सांगायचं," ते म्हणाले. "रोज हात साबणाने धुवून कोरडे करायचे. लेन्स चोळून धुवायची ती सलाईनने. पाणी लावायचं नाही. डोळा लाल दिसला, ताप आला, तर त्या रात्री लेन्स नाही. माझी भीती लेन्सची नाहीये, पाण्याची आहे."

"सर, पाण्याचं तुम्ही माझ्यावर सोडा," अमृत म्हणाला. "माझं शिक्षणच ते आहे."

सर हसले, अशी घरं रोज मिळत नाहीत म्हणाले. काजललाही त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि ती तसं घरी जाताना बोलूनही गेली.

पहिले चार-पाच महिने काही म्हणजे काही चुकलं नाही. रात्री नऊला काजल लेन्स घालायची. सकाळी अमृत काढायचा, कारण काजल साडेसहाला अंगणवाडीच्या कामाला निघायची. लेन्स कधी डोळ्याला चिकटून बसली तर ओढायची नाही, थेंब टाकून, पापणी हळू चोळून ती हलेपर्यंत थांबायचं, हे तो अगदी शांतपणे करायचा. पहिल्या सकाळी पोरीला अर्धंमुर्धं दिसलं. नवव्या दिवशी ती बिनचष्म्याची गच्चीवर उभी राहिली.

"पप्पा, चिमणीवरलं नाव वाचता येस माले," ती म्हणाली, आणि तिने कारखान्याच्या धुराड्यावरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. अमृतला ती चष्मा लावूनही धड दिसत नव्हती. तो आत गेला, तोंड धुतलं, परत आला.

दिवाळीनंतर बॉयलर पेटला, गळीत सुरू झालं, आणि अमृतच्या अंगात लॅब शिरली. एका सकाळी धुतलेली लेन्स वाटीच्या कडेला जरा वेळ राहिली आणि सुकली. तिच्यावर पांढरट ठिपका उमटला. त्याने भिंगातून पाहिलं. मीठ. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी, सुकलं की क्षार राहणार. त्याच आठवड्यात पोरगी एकदा टोचतंय म्हणाली, आणि अमृतने दोन गोष्टींची गाठ मारून टाकली. जिथे एक कणही क्षार नाही असं पाणी त्याच्या घरात होतं. लॅबमधून तो पाच लिटरच्या कॅनमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणायचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी. वसाहतीत वीज जायची म्हणून घरोघर इन्व्हर्टर होता आणि घरोघर असा कॅन होता. कॅन कधी रिकामा होत नसे. अर्ध्यावर आला की वरून भरायचा. कित्येक वर्षं तसाच.

त्याने रिकामी झालेली सलाईनची बाटली घेतली, तिची तोटी उकळत्या पाण्यातून काढली आणि बाटली कॅनमधून भरली. नळाचं पाणी नाही, बोअरचं नाही, जारचं नाही. जगात याहून शुद्ध पाणी नसतं, हे त्याने बीएस्सीला शिकलेलं होतं. रसायनाच्या बाजूने त्याचं काही चुकलं नव्हतं. पाण्यात मीठ राहत नाही म्हणून जीवही राहत नाही, असं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं, ते त्याने स्वतःच धरून चाललं.

रुचिका शेजारी उभी राहून पाहत होती. हे काय म्हणून तिने विचारलं.

"लॅबनं पाणी शे, बेटा. एकदम प्युअर. मम्मीले नको सांगजो, उगाच घाबरी जाई."

पोरीला गंमत वाटली. बापलेकीचं एक गुपित झालं. रोज सकाळी लेन्स निघाल्यावर आणि रात्री घालण्याआधी त्या बाटलीतल्या पाण्याने ती विसळली जायची. काजलच्या लेखी ती सलाईनचीच बाटली होती, वर लेबल होतं. पुढे लेन्सवर डाग पडले नाहीत, आणि अमृतला वाटलं, प्रेमचंद सरांनाही हे कधीतरी सांगायला हवं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, रुचिकाचा उजवा डोळा लाल होता. उजेड सहन होईना, पाणी वाहत होतं. काजलने दोन्ही लेन्स डबीत घालून बंद केल्या आणि तिघं नंदुरबारला गेले. नियम म्हणून सगळं बरोबरच झालं.

बाकावर प्रिस्किला बसली होती. तिचा मुलगा चष्म्यात होता, पुस्तक वाचत होता, डोळे चोळत नव्हता. काजल पोरीला घेऊन आत यंत्राकडे गेली आणि ही दोघं बाहेर राहिली. नर्स बाईने आपुलकीने विचारलं, की लेन्स कशाने धुता. अमृतला सांगण्याची हौस होतीच. साध्या सलाईनवर आपण थांबलो नाही, डिस्टिल्ड वॉटर वापरतो, असं त्याने तिला सांगितलं, कुठलं, कसं, कधीपासून, सगळं.

तिने त्याच्याकडे बघितलं. मग हळूच, मोठ्या माणसाला दुखवू नये अशा आवाजात ती बोलली.

"सर, डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नाही. आम्ही वॉर्डात उघडलेली सलाईनची बाटलीसुद्धा दुसऱ्या दिवशी ठेवत नाही. कॅनमध्ये तर काहीही वाढतं. आत सरांना सांगा हं. नक्की सांगा."

एवढ्यात काउंटरवरून तिच्या मुलाचं नाव पुकारलं आणि ती उठली.

अमृत आत गेला. सर रुचिकाच्या डोळ्यात पिवळं रंगद्रव्य टाकून निळ्या उजेडात पाहत होते. कॉर्नियावर बारीक फांदीसारखी एक रेघ होती. त्यांनी मान वर केली नाही. पाणी कुठे लागलं होतं का, आंघोळीला, पोहताना, नळाचं, असं त्यांनी विचारलं. काजल म्हणाली, नाही सर, थेंबसुद्धा नाही. अमृतचं तोंड उघडलं आणि त्यातून 'नाही' निघालं. नळाचं नव्हतंच, असं त्याने स्वतःशी म्हटलं. माणूस स्वतःशी असं बोलायला लागला की समजावं, त्याला खरं काय ते कळलेलं आहे.

सरांनी त्याच दिवशी सुरतेला पाठवलं. तिथल्या कॉर्नियाच्या डॉक्टर मूळच्या जळगावच्या होत्या, मराठी बोलायच्या. त्यांनीही पाण्याचं विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. रेघ पाहून त्या म्हणाल्या, हर्पीसच्या विषाणूचं असावं, तसं दिसतंय. मलम दिलं, दिवसातून पाच वेळा. आठवड्याने या, त्याआधी दुखणं वाढलं तर लगेच या, आणि येताना लेन्स, डबी, बाटल्या, जे जे वापरता ते सगळं घेऊन या.

विषाणू. हा शब्द ऐकून अमृतचे खांदे सैल झाले. विषाणूचा पाण्याशी संबंध नाही. डॉक्टर म्हणतात म्हणजे तसंच. मग सांगायचं कशाला? काजलच्या मनात उगीच किंतु कशाला? घरी आल्यावर मात्र काजल स्वयंपाकात असताना तो इन्व्हर्टरपाशी गेला, कॅनचं झाकण काढलं आणि आत बोट घालून कडेवरून फिरवलं. कड बुळबुळीत लागली. बोटाचा वास घेतला, वास नव्हता. त्याने कॅन उचलला आणि मागच्या गटारीत उपडा केला. सलाईनची ती बाटलीही कचऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या औषधाच्या दुकानातून त्याने नवी बाटली आणली, पाव भाग सांडून टाकला आणि जुन्या जागी ठेवली. हात चोख चालले. नमुना बदलायला त्याला कधी जमलं नसतं, कारखान्यात कुणी सांगितलं असतं तर त्याने नोकरी सोडली असती. इथे त्याने तो बदलला.

मलमाने पहिले दोन दिवस जरा बरं वाटलं. मग दुखणं सुरू झालं. रुचिका अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची, उशीत डोकं खुपसून. कानामागे, कपाळात, दातांत कळ जायची. काजलने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. लगेच सुरतेला जाऊ असं ती म्हणाली, तेव्हा मलमाला आठवडा तरी द्यावा लागतो, असं अमृतनेच सांगितलं. हंगाम ऐन भरात होता, आणि अमृत आठ दिवसांत फक्त दोनदा कामावर गेला. एकदा पाणी द्यायला तो तिच्याजवळ बसला तेव्हा तिने त्याचा हात चाचपून धरला.

"पप्पा, लॅबना पाणीथीन व्हयनं का हाई?"

"नही बेटा. डॉक्टर काय म्हनन्यात? विषाणू शे."

तिने मान हलवली. बापाने नाही म्हटलं म्हणजे नाही.

तेव्हा तरी त्याने फोन उचलायला हवा होता. प्रेमचंद सरांचा नंबर मोबाइलमध्ये होता, सुरतेचा होता. त्याने दोनदा काढलाही. पहिल्यांदा काजल खोलीत आली. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, आणि तरी त्याने तो खिशात टाकला. आपण जे काही होतो ते सगळं त्या एका फोनमध्ये संपणार होतं. भित्र्या माणसाला कारण लागत नाही. आठवडा झाला, डॉक्टर बाहेरगावी होत्या म्हणून आणखी तीन दिवस गेले. अकराव्या दिवशी, सोमवारी, ते सुरतेला पोचले तेव्हा पोरीला उचलून न्यावं लागलं.

डॉक्टरांनी बधिर करणारा थेंब टाकला, यंत्रावर पोरीची हनुवटी टेकवली, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. रेघ गेली होती. तिच्या जागी कॉर्नियाच्या मधोमध पांढरं कडं उमटलं होतं, वाटीच्या ठशासारखं. त्यांनी मागे सरकून दिवा बंद केला. दुखणं दिसतंय त्यापेक्षा किती तरी जास्त आहे, हे हर्पीसचं लक्षण नाही, असं त्या सांगू लागल्या. मग त्यांनी पिशवीतली बाटली हातात घेतली. सलाईनची, पाव रिकामी, चोख. डबीही स्वच्छ. त्यांनी ती परत ठेवली आणि खुर्ची ओढून थेट पोरीसमोर बसल्या.

"बाळ, मला एक सांग. लेन्सला कधी, एकदासुद्धा, दुसरं कुठलं पाणी लावलं होतं?"

उजव्या डोळ्यावर रुचिकाने रुमाल धरला होता. डावा अर्धवट मिटलेला डोळा तिने कष्टाने उघडला आणि बापाकडे वळवला. काजल तिच्याकडे बघत होती, डॉक्टर बघत होत्या. पोरीच्या ओठांची हालचाल झाली.

"सांगू का, पप्पा?"

अकरा दिवस ती कळा सोसत होती आणि बापाने सांगितलेलं गुपित पाळत होती. त्या डोळ्यापुढे गप्प राहणं अमृतच्याने झालं नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला. "डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या कॅनमधलं. दिवाळीपासून. बाटली मी बदलली, ही ती नाही."

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, तुम्हाला कधीपासून शंका होती. तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून. त्यांनी वळून नर्सला सामान लावायला सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती, आणि ती घाई रागापेक्षा वाईट होती.

काजल उभी राहिली.

"इन्व्हर्टरनं पाणी," ती म्हणाली. मग, "तुम्हले माहीत व्हतं. अकरा दिन." एवढंच. तिने रुचिकाची खुर्ची आपल्याकडे ओढली, त्याच्यापासून हातभर लांब.

कॉर्नियावरून खरवडून घेतलेला नमुना काचेवर पसरला गेला. दुपारी डॉक्टरांनी अमृतला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. शिक्षा म्हणून नव्हे, त्याला समजेल म्हणून. त्याने डावा डोळा लावला. दुहेरी भिंतीचे, कोनदार, लहान गोळे. अकँथामीबा, त्या म्हणाल्या. पाण्यात राहतो, साठवलेल्या पाण्यात भिंतीला जो बुळबुळीत थर धरतो त्यावर वाढतो. त्याला मीठ लागत नाही, अन्न लागतं, आणि ते त्या थरात असतं. रात्रभर लेन्सखाली तो अडकून राहतो. वरच्या पेशी आधीच पातळ झालेल्या असतात, बारीकसा ओरखडा पुरतो. पहिल्या आठवड्यात हा वरच्या थरातच असतो, तेव्हा औषध लागू पडलं तर डोळा बहुतेक स्वच्छ राहतो. आता तो खोल गेलाय.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" अमृतने विचारलं. विचारायला नको होतं, पण त्याला नमुन्याचा आकडा हवाच असायचा.

"तर मी हेच औषध त्या दिवशी सुरू केलं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

दर तासाला थेंब. दिवसा, रात्री, सलग पाच दिवस, मग दिवसा दर तासाला, मग दर दोन तासांनी, असं करत सात महिने. अमृतने रजा टाकली. दर तासाला नमुना घेण्याची त्याला वीस वर्षांची सवय होती, पण काजलने त्याला बाटलीला हात लावू दिला नाही. तो घड्याळ लावायचा. घड्याळ वाजलं की काजल साबणाने हात धुवायची, कोरडे करायची आणि थेंब टाकायची. तो दारात उभा राहायचा. शेजारच्या बायका विचारायला आल्या की काजल म्हणायची, लेन्सनं इन्फेक्शन झालं. नवऱ्याचं नाव तिने कुणाजवळ काढलं नाही. अमृतला वाटायचं, काढलं असतं तर बरं.

डोळा वाचला, म्हणजे काढावा लागला नाही. मधोमध पांढरा डाग राहिला. त्यातून रुचिकाला उजेड कळतो आणि हातभर अंतरावरची बोटं मोजता येतात. पुढे काही वर्षांनी, डोळा पूर्ण शांत राहिला तर, दुसऱ्याचा कॉर्निया बसवण्याचा विचार करू, असं डॉक्टर म्हणतात. तोही टिकेलच असं नाही. डाव्या डोळ्याचा नंबर, लेन्स बंद झाल्यावर, जिथल्या तिथे आला. सव्वातीन होता, आता पावणेचार आहे.

ऑगस्टात ते चष्म्यासाठी प्रेमचंद सरांकडे गेले. दवाखान्यात भिंतीवर नवा कागद लावलेला होता, त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, कुठलंच पाणी नाही, त्याखाली यादी, आणि यादीत डिस्टिल्ड वॉटर होतं. सरांनी अमृतला खुर्ची दिली, चहा सांगितला. सुरतेहून त्यांना सगळं कळलं होतं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी एकच गोष्ट बोलून दाखवली, की त्या दिवशी तुमचं शिक्षण ऐकून मी पुढे विचारायचं थांबलो. चिंचपाड्याकडच्या बाईंना मी शंभर प्रश्न विचारले असते. त्यांचं घर तुमच्यापेक्षा लायक होतं, फक्त पोराचा डोळा नव्हता.

मान खाली घालून अमृतने चहा संपवला.

मग सरांनी फ्रेम काढली. एकच डोळा कामाचा राहिला, त्याला जपायचं म्हणून न फुटणारी काच, दोन्ही बाजूंना. रुचिकाने चष्मा घातला, आरशात पाहिलं, मान इकडे तिकडे वळवली. डावीकडे काच जरा जाड होती. उजवीकडे सरांनी नंबर घातला नव्हता.

"ही काच अशी का?" तिने सरांना विचारलं.

"ती नुसती जोडीला आहे बेटा," सर म्हणाले.

ती वळून बापाकडे बघायला लागली. त्याचा चष्मा तिने जन्मापासून पाहिला होता, पण त्यातली उजवी काच तिने आज पहिल्यांदा नीट पाहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "आपला दोन्हींना चष्मा सारखा शे."

काजलने तिचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं. अमृत काउंटरपाशी उभा राहिला. सरांनी रिकामी डबी पुढे केली, चष्म्याची, लेन्सची नव्हे. ती घेताना त्याने आधी झाकण उघडून आत कडेवरून बोट फिरवलं.